कॉन्फिडन्स इंटरव्हलमधले '९५ टक्के' नेमके कशाचे?

प्रश्न: रक्तदाबाच्या एका औषधाची छोटी ट्रायल केली. दोन्ही गटांत ५०-५० जण. औषध गटात वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ६ मिमीने जास्त उतरला, ९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल १ ते ११. मी अहवालात लिहिलं, 'खरा फरक १ ते ११ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.' परीक्षकांनी वाक्यावर काट मारली, कारण दिलं नाही. मग ते ९५ टक्के आहेत तरी कशाचे? आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही का?

उत्तर: शब्दांचा कीस असता तर परीक्षक म्हणतात तसं लिहून मोकळे व्हा, असंच मी सांगितलं असतं. पण त्या वाक्यात तुम्ही एक गोष्ट ठामपणे सांगितली आहे, जी तुमच्या आकडेमोडीतून निघत नाही. ती काढायला आणखी एक माहिती लागते आणि ती तुम्ही कुठेच घातलेली नाही. घातली तर कधी उत्तर खरोखरच ९५ च्या आसपास येतं, कधी ते ४० वर घसरतं. तुमच्या बाबतीत काय होईल हे तुमच्या औषधाबद्दल आधी काय ठाऊक होतं आणि हा निकाल कसा निवडला गेला यावर अवलंबून आहे. मी ट्रायल्सचं विश्लेषण करतो आणि हेच वाक्य मसुद्यांमधून सतत खोडत असतो, तेव्हा जरा सावकाश सांगतो.

आधी तुमचा इंटरव्हल कसा तयार झाला ते पाहू. तुम्ही स्टँडर्ड डेव्हिएशन दिलेलं नाही, पण गट ५० चे आणि इंटरव्हल दहा मिमी रुंद म्हटल्यावर ते साधारण १२.५ असणार. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाचा स्टँडर्ड एरर म्हणजे १२.५ गुणिले (२/५०) चं वर्गमूळ, म्हणजे २.५. त्याला टी-टेबलमधल्या १.९८ ने गुणलं की जवळजवळ ५. सहातून पाच वजा, सहात पाच मिळवले. झाले १ आणि ११.

आता या हिशेबात बदलणारी गोष्ट कोणती आणि स्थिर गोष्ट कोणती, हे नीट बघा. औषधाचा खरा सरासरी फरक हा एक ठरलेला आकडा आहे. आपल्याला तो माहीत नाही, पण तो हलत नाही. हलतो तो तुमचा ६. दुसरे शंभर जण घेतले असते तर ४.१ आला असता, तिसरे घेतले असते तर ८.७. आणि तो हलला की त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेली टोकंही हलतात. ९५ टक्के हे विधान या हलण्याबद्दल आहे: ही कृती पुन्हा पुन्हा केली, दर वेळी नवे लोक घेतले, दर वेळी इंटरव्हल काढला, तर शंभरातल्या साधारण ९५ इंटरव्हलमध्ये खरा आकडा सापडेल. ही हमी कृतीची आहे आणि ती आकडे हाती येण्याआधीची आहे.

हे वाचून पटत नसेल तर स्वतः करून बघा. पायथनमध्ये एवढंच लागतं:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)

def run(true, reps=20000, n=50, sd=12.5):
    a = rng.normal(true, sd, (reps, n))
    b = rng.normal(0, sd, (reps, n))
    d = a.mean(1) - b.mean(1)
    se = np.sqrt(a.var(1, ddof=1)/n + b.var(1, ddof=1)/n)
    hit = abs(d - true) < 1.984 * se
    sig = abs(d) > 1.984 * se
    print(hit.mean(), hit[sig].mean())

run(6)
run(1.25)
```

यात वीस हजार ट्रायल्स खोट्या-खोट्या घडवल्या आहेत आणि खरा फरक आपणच ठरवून दिला आहे. छापून येणारा पहिला आकडा दोन्ही वेळा ०.९५ च्या अगदी जवळ असेल. दुसऱ्या आकड्याकडे नंतर येतो. आत्ता फक्त `hit` या यादीत डोकावून बघा. तिथे वीस हजार नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद एक तर `True` आहे किंवा `False`. '९५ टक्के खरी' अशी एकही नोंद नाही. ९५ दिसतात ते सगळी यादी एकत्र मोजल्यावर. तुमची ट्रायल ही अशाच यादीतली एक नोंद आहे. फरक इतकाच की तुमच्या बाबतीत खरा आकडा ठरवून देणारं कुणी नाही, त्यामुळे तुमची नोंद कुठली हे कळायला मार्ग नाही.

ही अट पुढच्या पंडितांनी मागून चिकटवलेली नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हलची पद्धतशीर मांडणी संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ च्या निबंधात केली आणि तिथेच त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारला आहे: नमुना घेऊन झाला, दोन टोकं आकड्यांत मिळाली, आता या दोन टोकांमध्ये खरं मूल्य असण्याची शक्यता तीच म्हणता येईल का? त्यांचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. तरीही चूक हटत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या संशोधकांना आणि विद्यार्थ्यांना कॉन्फिडन्स इंटरव्हलबद्दलची सहा विधानं दिली होती, सहाच्या सहा चुकीची. सरासरी तीनहून अधिक विधानं लोकांनी बरोबर ठरवली, आणि संशोधकांची कामगिरी नवख्या विद्यार्थ्यांपेक्षा काही फार उजवी नव्हती.

आता तुमच्या मनात येईल तो आक्षेप, कारण बैठकांत तो कुणी ना कुणी काढतोच. नाणं उडवलं, झेललं, तळहाताखाली झाकलं. छाप की काटा हे आता ठरलेलं आहे. तरी आपण 'छाप असण्याची शक्यता निम्मी' असं म्हणतोच ना? मग इंटरव्हलबद्दल तसंच का म्हणू नये?

आक्षेप रास्त आहे. नेमन यांच्या चौकटीत झाकलेल्या नाण्याबद्दलही शक्यता बोलता येत नाही, पण रोजच्या व्यवहारात आपण बोलतो आणि त्यात वावगं काही नाही. 'शक्यता' म्हणजे आपल्या खात्रीचं माप, असं मानलं की निम्मी म्हणणं चालतं. पण ते चालतं ते एका कारणाने: नाणं उडवण्याआधी जेवढं माहीत होतं त्यापेक्षा जास्त काहीच आपल्याला झाकल्यानंतर कळलेलं नाही. कुणी हात किंचित उचलून कडेचा भाग दाखवला तर तुम्ही निम्मीवर अडून बसाल का? आणि तुमचा इंटरव्हल तर झाकलेला नाहीच. १ आणि ११ हे आकडे तुम्ही पाहिले आहेत. पाहिलेले आकडेच कधी कधी सांगून जातात की या वेळी ९५ चा भरवसा धरू नका, किंवा उलट, या वेळी जास्तही धरायला हरकत नाही.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण मला माहीत आहे ते अगदी लहान आहे, कागदावर सोडवता येतं. एक उपकरण आहे. ते खऱ्या मूल्यापेक्षा जास्तीत जास्त अर्धा एकक कमी किंवा अर्धा एकक जास्त दाखवतं, आणि त्या पट्ट्यात कुठलंही वाचन येण्याची शक्यता सारखीच आहे. तुम्ही दोन वाचनं घेता. लहान वाचनापासून मोठ्या वाचनापर्यंतचा पट्टा हा तुमचा इंटरव्हल. प्रत्येक वाचन खऱ्या मूल्याच्या खाली येण्याची शक्यता निम्मी. दोन्ही खाली पडतील पाव वेळा, दोन्ही वर पडतील पाव वेळा, उरलेल्या निम्म्या वेळा एक खाली आणि एक वर, म्हणजे खरं मूल्य मधोमध पकडलं जाईल. म्हणून हा नेमका ५० टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल आहे. कुठेही लबाडी नाही, अंदाजपंचे नाही.

आता वाचनं आली १०.१ आणि १०.९. दोघांत ०.८ चं अंतर. खऱ्या मूल्याच्या एकाच बाजूला तर जागाच अर्ध्या एककाची आहे, म्हणजे दोन्ही वाचनं एकाच बाजूची असूच शकत नाहीत. खरं मूल्य शंभर टक्के इंटरव्हलमध्ये आहे, आणि तुम्ही मात्र 'शक्यता ५० टक्के' असं लिहून बसला आहात!

दुसऱ्या दिवशी वाचनं आली १०.४० आणि १०.४५. इंटरव्हल जेमतेम ०.०५ रुंद. मोठ्या वाचनावरून कळतं की खरं मूल्य ९.९५ च्या खाली नाही, लहान वाचनावरून कळतं की ते १०.९० च्या वर नाही. या ०.९५ रुंदीच्या पट्ट्यात ते कुठेही असू शकतं आणि तुमचा इंटरव्हल त्यातला एकोणिसावा भाग व्यापतो. एवढ्याच अंतराच्या जोड्या वेगळ्या काढून मोजल्या तर वीसातल्या साधारण एकाच जोडीत खरं मूल्य सापडतं, म्हणजे पाच टक्के. कृतीचे ५० टक्के दोन्ही दिवशी खरेच होते. पण त्या त्या दिवशी हाती आलेल्या इंटरव्हलबद्दल ते एकदा फारच कमी बोलले आणि एकदा फारच जास्त.

तुम्ही म्हणाल, आमचा इंटरव्हल असा विचित्र नाही, तो साधा सरासरीचा आहे. खरं आहे. तुमच्या हिशेबात इंटरव्हलची रुंदी अशी आतली बातमी फोडत नाही. पण तुमच्याकडे दुसरी बातमी आहे: रक्तदाबाच्या औषधांबद्दल तुम्हाला ट्रायलच्या आधीपासून काहीतरी ठाऊक आहे. 'खरा फरक अमुक पट्ट्यात असण्याची शक्यता' हवी असेल तर ही आधीची माहिती हिशेबात घ्यावीच लागते, त्यातून सुटका नाही. तिला प्रायर म्हणतात आणि हिशेबाच्या या पद्धतीला बेझियन.

तीन माणसं घेऊ. तिघांसमोर तुमचाच निकाल आहे: फरक ६, स्टँडर्ड एरर २.५.

पहिल्याचं म्हणणं, मला काही म्हणजे काहीच माहीत नाही, कुठलाही फरक सारखाच शक्य. त्याच्या हिशेबात १ ते ११ ची शक्यता खरोखरच ९५ टक्के येते. म्हणजे तुमचं वाक्य या माणसाच्या तोंडी बरोबर आहे. पण तो काय मानतो आहे ते ऐका: औषधाने रक्तदाब सरासरी ६० मिमीने उतरणं आणि ३ मिमीने उतरणं त्याला आधी सारखंच शक्य वाटत होतं. ६० ने चढणंही. रक्तदाबाचे रुग्ण पाहणारा कुणी असं मानेल असं मला वाटत नाही.

दुसरा म्हणतो, अशा औषधांचा परिणाम बहुधा शून्याच्या आसपास असतो, अडीच मिमीपर्यंत इकडे-तिकडे अगदी शक्य, पाचाच्या पलीकडे क्वचित. म्हणजे त्याचा प्रायर शून्याभोवती, स्टँडर्ड डेव्हिएशन २.५ मिमी. ट्रायलची अनिश्चितताही २.५ चीच आहे, दोघांचं वजन सारखं, म्हणून निष्कर्ष बरोबर मध्ये पडतो: ३, आणि अनिश्चितता १.७७. आता १ ते ११ ची शक्यता काढली तर ती सुमारे ८७ टक्के येते.

तिसऱ्याला माहीत आहे की हे औषध याआधी बऱ्याच ठिकाणी वापरून पाहिलंय आणि परिणाम नगण्यच दिसला आहे. त्याचा प्रायर शून्याभोवती १ चा. वजन अनिश्चिततेच्या वर्गाच्या व्यस्तात जातं: ट्रायलला १/६.२५ म्हणजे ०.१६, प्रायरला १. निष्कर्ष ६ × ०.१६ / १.१६, म्हणजे ०.८३, अनिश्चितता ०.९३. आता १ ते ११ ची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे खरा फरक तुमच्या इंटरव्हलच्या बाहेर, एकच्या खाली असण्याची शक्यता जास्त.

डेटा तोच, इंटरव्हल तोच. शक्यता मात्र ९५, ८७ आणि ४०. तुमचं मूळ वाक्य यातला पहिला आकडा उचलतं आणि तो ट्रायलने सिद्ध केल्यासारखा मांडतं. परीक्षकांनी काट मारली ती यावर, निदान मी तरी यासाठी मारली असती.

इथे एक गोष्ट उलट बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर मी घाबरवतो आहे असं वाटेल. तुमचे गट ५० ऐवजी ५,००० चे असते तर स्टँडर्ड एरर ०.२५ झाला असता. मग दुसऱ्या माणसाच्या प्रायरला शंभरात जेमतेम एक वजन मिळतं आणि त्याची शक्यता ९५ च्या इतकी जवळ येते की भांडायला कारण उरत नाही. मोठा नमुना, आधीच ठरवलेली एकच मुख्य तुलना आणि आधीची माहिती सैल, अशी परिस्थिती असेल तर चुकीचं वाचन व्यवहारात फारसं नडत नाही. नडतं ते छोट्या नमुन्यात आणि आश्चर्यकारक निकालात. आणि नेमके असेच निकाल लोक उत्साहाने सांगत सुटतात.

त्यातून पुढचा मुद्दा निघतो, जो मला प्रायरच्या चर्चेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. कृतीची ९५ टक्क्यांची हमी सगळ्या इंटरव्हलना मिळून आहे. त्यातले काही निवडून काढले तर निवडलेल्यांना ती लागू राहत नाही.

वरच्या कोडमधली `run(1.25)` ही ओळ यासाठीच ठेवली होती. इथे औषधाचा खरा फरक फक्त सव्वा मिमी आहे. ट्रायल तुमच्याच आकाराची. सगळ्या वीस हजार ट्रायल्स मोजल्या तर ९५ टक्के इंटरव्हल खरा आकडा पकडतात, ठरल्याप्रमाणे. आता दुसरा आकडा बघा. तो फक्त त्या ट्रायल्सचा आहे ज्यांचा इंटरव्हल शून्याला शिवत नाही, म्हणजे ज्यांना लोक 'सिग्निफिकंट' म्हणतात आणि ज्या छापायला पाठवतात. त्यांच्यात खरा आकडा पकडणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास येतं. आणि हे होणारच. स्टँडर्ड एरर २.५ असताना शून्य टाळायचं तर फरक निदान पाचाच्या घरात यायला हवा. खरा फरक सव्वा, आणि चाळणीतून पार पडलेल्या जवळजवळ प्रत्येक ट्रायलचा आकडा त्याच्या चौपट किंवा जास्त. थोड्या ट्रायल्स तर औषधाने रक्तदाब चढतो असं 'सिद्ध' करून मोकळ्या होतात.

म्हणून तुमचा अहवाल माझ्या टेबलावर आला असता तर मी तुम्हाला आधी विचारलं असतं: वरचा रक्तदाब हेच मुख्य मोजमाप आहे असं सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं का? की वरचा, खालचा, नाडी, वजन, चौथ्या आठवड्याचं, आठव्या आठवड्याचं असं सगळं पाहून त्यातलं जे शून्यापासून दूर निघालं ते पुढे आणलं? दुसरं झालं असेल तर १ ते ११ या आकड्यांना ९५ टक्क्यांचं लेबल चिकटवणं कृतीच्या अर्थानेही चूक आहे. यावर इलाज सोपा आहे, जरी कुणाला आवडत नसला तरी: मोजलेल्या सगळ्या गोष्टींचे इंटरव्हल एकाच तक्त्यात द्या, शून्याला शिवणारेही.

आतापर्यंतचं थोडक्यात: ९५ टक्के कृतीचे आहेत, हाती आलेल्या एका इंटरव्हलबद्दल शक्यता सांगायची तर आधीची माहिती उघड मांडावी लागते, आणि निकाल निवडून काढला असेल तर कृतीची हमीसुद्धा ढिली पडते.

एका निकालाबद्दलची आणखी एक गफलत आहे, ती तुम्ही केलेली नाही, पण तुमचा अहवाल वाचून एखादा डॉक्टर करेल. 'औषध घ्या, तुमचा रक्तदाब १ ते ११ मिमीने उतरेल, ९५ टक्के खात्री.' हा इंटरव्हल सरासरीतल्या फरकाचा आहे, एका माणसाचा नाही. समजा औषध गटात सरासरी उतार ८ मिमी होता आणि दुसऱ्या गटात २. माणसागणिक पसारा १२.५ चा आहे. मग औषध गटातल्या जेमतेम ३० टक्के लोकांचा उतार १ ते ११ च्या दरम्यान असेल. पंचवीसेक टक्क्यांचा रक्तदाब तर चढलेलाही दिसेल. त्या रुग्णाला सांगायचा पट्टा वेगळा, त्याला प्रेडिक्शन इंटरव्हल म्हणतात, आणि तो इथे सरासरीच्या दोन्ही बाजूंना जवळपास २५ मिमी पसरतो. नमुना कितीही मोठा केला तरी तो फारसा आक्रसत नाही, कारण माणसामाणसांतला फरक नमुन्याने कमी होत नाही.

तसंच, 'हीच ट्रायल पुन्हा केली तर नवा फरक ९५ टक्के वेळा १ ते ११ मध्येच येईल' हेही बरोबर नाही. नव्या ट्रायलचा आकडाही तेवढाच हलतो, त्यामुळे दोघांचं हलणं एकत्र होतं. हिशेब केला तर सरासरीने ८३ टक्के वेळाच नवा आकडा जुन्या इंटरव्हलमध्ये पडतो.

आणि हे सगळं करूनसुद्धा इंटरव्हलमध्ये फक्त नमुन्याच्या नशिबाचा हिशेब आहे. तुमच्या औषध गटातले काही जण चक्कर येते म्हणून मध्येच सोडून गेले आणि उरलेल्यांवरच सरासरी काढली, तर त्या गळतीने झालेली चूक १ ते ११ मध्ये कुठेच धरलेली नाही. दंडाला बांधायचा पट्टा लहान पडल्यामुळे यंत्र जास्त रक्तदाब दाखवत असेल तर दोन्ही गटांत ती चूक सारखी होऊन वजाबाकीत बरीचशी निघून जाते. गळती तशी जात नाही. भौतिकशास्त्रातही हे घडलंय. १९४१ मध्ये रेमंड बर्ज यांनी तोवरची मोजमापं एकत्र करून प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७७६ किलोमीटर ठरवला, त्रुटी ४ किलोमीटरची. आज तो २,९९,७९२.४५८ आहे, १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावर बांधलेली आहे. म्हणजे चूक सांगितलेल्या त्रुटीच्या चौपट. बर्ज काटेकोर माणूस होते, पण मोजमापांत दडलेली सामाईक चूक त्यांच्या ±४ मध्ये मावणारी नव्हती.

आता तुमच्या अहवालात काय लिहायचं. मी असं लिहीन: 'औषध गटात वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ६ मिमीने जास्त उतरला (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल १ ते ११). १ मिमीइतक्या किरकोळ फरकापासून ११ मिमीइतक्या भरीव फरकापर्यंत काहीही या आकड्यांशी विसंगत नाही.' हे दुसरं वाक्य पूर्णपणे तुमच्या हिशेबातून निघतं: इंटरव्हलच्या आतला कुठलाही आकडा खरा धरला तर तुमचा निकाल त्या मानाने पाच टक्क्यांच्या कसोटीवर अनपेक्षित ठरत नाही, बाहेरचा धरला तर ठरतो.

फक्त टोकांना भिंती समजू नका. आतले सगळे आकडे सारखे तोलाचे नाहीत. खरा फरक ६ धरला तर तुमचा निकाल जितका सहज येतो, त्याच्या साधारण सातव्या हिश्श्यानेच तो खरा फरक १ धरल्यावर येतो. आणि बाहेरचा अर्धा मिमी हा आतल्या एकपेक्षा काही फार वाईट नाही. '१ च्या खाली असूच शकत नाही' असं म्हणायला हा इंटरव्हल जागा देत नाही.

तुम्हाला किंवा औषधाबद्दल निर्णय घेणाऱ्यांना खरोखरच शक्यताच हवी असेल, म्हणजे 'फरक निदान ३ मिमी असण्याची शक्यता किती', तर ती मागण्यात गैर काही नाही, उलट बऱ्याचदा खरा प्रश्न तोच असतो. मग बेझियन हिशेब करा. प्रायर ट्रायल सुरू होण्याआधी लिहून ठेवलेला बरा. नंतर ठरवायचा झाला तर एक ठरवू नका, वरच्या तिघांसारखे दोन-तीन घ्या आणि तिन्ही उत्तरं शेजारीशेजारी द्या. दुसऱ्या माणसाच्या प्रायरने निदान ३ मिमीची शक्यता बरोबर ५० टक्के येते, तिसऱ्याच्या प्रायरने एक टक्क्याच्या आसपास. एवढा फरक दिसला की परीक्षकांशी होणारी चर्चा आपोआप प्रायर कुठला योग्य यावर येईल, आणि तिथे तुमच्या औषधाच्या आधीच्या ट्रायल्स समोर ठेवून बोलता येईल.